डागांची दैनंदिनी
दूरस्थ त्वचारोग-सल्ल्यासाठी छायाचित्रे आणि नोंदी कशा ठेवाव्यात? (व्याख्यान)



कोड हा शब्द घरात उच्चारला की आजही आवाज खाली जातो. पुण्यात ही कुजबुज मोडण्याचे काम बरीच वर्षे चालू आहे. स्वतः कोडासह जगणाऱ्या डॉ. माया तुळपुळे यांनी २००१ साली येथे ‘श्वेता असोसिएशन’ सुरू केली आणि अशा रुग्णांना एकमेकांशी मोकळेपणाने बोलता येईल असे व्यासपीठ उभे राहिले. पुढे २००६ साली सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपट आला. अंगावर कोड असलेल्या एका तरुण डॉक्टरकडे घरातली माणसे कोणत्या नजरेने पाहतात, हाच त्याचा विषय होता. कोड संसर्गाने पसरत नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा काहीही संबंध नाही, हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची संरक्षणव्यवस्थाच हल्ला करते, त्या पेशी नाहीशा होतात आणि तेवढी जागा पांढरी पडते.

प्रश्न पुढचा आहे. उपचार सुरू झाल्यावर डाग वाढतो आहे, स्थिर आहे की त्यात रंग परत येतो आहे, हे ठरवायचे कसे? औषध चालू ठेवायचे, बदलायचे की थांबवायचे, हे या एका उत्तरावर अवलंबून असते. कोडाची चाल मात्र अतिशय संथ असते. रंग परतण्याची पहिली चिन्हे दिसायलाच बहुधा दोन-तीन महिने लागतात. रोज आरशात पाहणाऱ्या रुग्णाला फरक जाणवत नाही आणि चार महिन्यांनी भेटणाऱ्या मावशीला तो आहे त्याहून मोठा वाटतो. दोघांच्याही स्मरणावर निर्णय सोपविता येत नाही. एकाच प्रकाशात, एकाच अंतरावरून, ठरलेल्या तारखेला काढलेली छायाचित्रे आणि सोबत एक पानभर नोंदी, एवढीच या कामी खात्रीची साक्ष असते.

२५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकसेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि नोंदणीकृत डॉक्टरांनी दूरध्वनी, दृक्‌संवाद वा लेखी संदेशाद्वारे सल्ला देण्यास नियमांची चौकट मिळाली. दूरवरून दिलेला सल्ला पुरेसा आहे की रुग्णाला समोर बोलावले पाहिजे, हे ठरविण्याचा अधिकार त्या तत्त्वांनी डॉक्टरांच्या विवेकावर सोपविला आहे. कोडाच्या बाबतीत पहिली भेट प्रत्यक्षच व्हावी. प्रत्येक पांढरट डाग कोडाचा नसतो. शिबे असेल तर खरवडल्यावर बारीक कोंडा निघतो. मुलांच्या गालांवरचे फिकट चट्टे पुष्कळदा आपोआप जातात. कुष्ठरोगाच्या फिकट चट्ट्यावर स्पर्श वा उष्णता कमी जाणवते आणि ते तपासायला डॉक्टरांचा हातच लागतो. शिवाय त्वचारोगतज्ज्ञांकडे अतिनील प्रकाशाचा ‘वूड्स लॅम्प’ असतो. त्याखाली कोडाचा डाग निळसर-पांढरा उजळतो आणि साध्या डोळ्यांना न दिसणारी त्याची खरी कडा दिसते. मोबाइलच्या छायाचित्रातून यातले काहीच कळत नाही. निदान समोरासमोर व्हावे आणि त्यानंतरची वाटचाल छायाचित्रांनी टिपावी, अशी ही विभागणी आहे.

प्रकाश

पांढऱ्या डागाचे छायाचित्र प्रकाशाच्या चुकीने जितके फसते तितके दुसऱ्या कशाने फसत नाही. पिवळ्या दिव्याखाली डाग साईच्या रंगाचा दिसतो आणि कडा भोवतालच्या त्वचेत मिसळून जाते. भर उन्हात तो इतका चकाकतो की आतले बारीक तपशील पुसले जातात. मोबाइलच्या फ्लॅशनेही तेच होते. योग्य प्रकाश म्हणजे खिडकीतून येणारा, पण थेट ऊन नसलेला दिवसाचा उजेड. उत्तरेकडची खिडकी मिळाली तर उत्तम. सकाळी दहा-अकराच्या सुमारास खिडकीपासून हात-दीड हात अंतरावर, डागाची बाजू खिडकीकडे करून बसावे. घरातले सर्व दिवे त्या वेळी बंद करावेत. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की कॅमेरा गोंधळतो आणि त्वचा एका बाजूला निळसर, दुसऱ्या बाजूला पिवळट येते.

पुण्याच्या सदनिकांत आणखी एक अडचण असते. बंद केलेल्या गॅलरीची रंगीत काच, उन्हासाठी लावलेले हिरवे जाळीचे कापड किंवा गडद रंगविलेली भिंत आपला रंग त्वचेवर टाकते. यावर सोपी कसोटी आहे. चौकटीच्या एका कडेला साध्या पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवावी. छायाचित्रात तो कागद हिरवट वा पिवळट दिसला, तर त्वचेचा रंगही खोटा आला आहे असे समजावे आणि जागा बदलावी. पावसाळ्यात ढगाळ उजेड कमी पडतो आणि चित्र हलते. अशा वेळी कोपर टेबलावर टेकवावे किंवा छायाचित्र दुसऱ्याला काढू द्यावे, पण दिवा लावू नये.

कॅमेरा आणि चौकट

छायाचित्र मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने काढावे. चेहरा नितळ दाखविणारी सोय पूर्ण बंद असावी, कारण ती डागाच्या कडा आणि आतले ठिपके नेमके पुसून टाकते. मागचा भाग धूसर करणारी सोयही नको. मोबाइल त्वचेच्या अगदी जवळ नेला तर आकार वाकडा येतो आणि काही फोनमध्ये कॅमेरा आपोआप दुसऱ्या भिंगाकडे वळतो. त्यामुळे ३० ते ४० सेंटिमीटर अंतर ठेवून दुप्पट मोठे करावे. भिंग त्वचेच्या सरळ समोर असावे, तिरके नको.

प्रकाशमापनातली एक खोच ध्यानात घेतली पाहिजे. चौकटीत सावळी त्वचा अधिक असेल तर कॅमेरा सगळेच उजळ करतो आणि डाग कोऱ्या कागदासारखा पांढराफेक होतो. म्हणून पडद्यावर डागाच्या कडेवर बोट टेकवावे आणि उजेड थोडा खाली आणावा. डागाच्या आतली लव आणि त्वचेच्या बारीक रेषा दिसू लागल्या की उजेड बरोबर आहे. काही फोनमध्ये बोट दाबून धरले की AE/AF LOCK अशी अक्षरे येतात. मग उजेड आणि स्पष्टता दोन्ही तेथेच स्थिर राहतात.

प्रत्येक जागेची तीन छायाचित्रे पुरतात. पहिले दुरून, ज्यात संपूर्ण अवयव दिसेल आणि डाग डाव्या पायावर आहे की उजव्या, हे कळेल. दुसरे मध्यम अंतरावरून, ज्यात शेजारचा सांधा वा नख यांसारखी खूण येईल. तिसरे जवळून आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. मोजपट्टी शाळेच्या कंपासपेटीतली चालते. ती त्वचेच्याच पातळीवर असावी आणि तिने डागाची कडा झाकू नये. नाणे ठेवण्याची पद्धत सोडलेली बरी, कारण एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या आकारांत निघाली आहेत. अंगावर बरेच डाग असल्यास सर्वांची छायाचित्रे काढत बसू नये. डॉक्टरांशी ठरवून तीन-चार प्रातिनिधिक जागा निवडाव्यात आणि दर महिन्याला त्याच टिपाव्यात.

आधी त्वचा साध्या पाण्याने धुऊन, न घासता टिपून घ्यावी. मलम, पावडर, हळद, डाग झाकणारे प्रसाधन, बांगड्या आणि घड्याळ दूर करावे. त्याच दिवशी अतिनील किरणांचा उपचार घेतला असेल तर छायाचित्र काढू नये. त्या वेळी डाग गुलाबी असतो. मागे फिक्या राखाडी वा निळसर रंगाची चादर असावी. भडक लाल साडीपुढे काढलेल्या चित्रात त्वचेचा रंग बदलतो.

छायाचित्रात काय शोधायचे?

रंग परतण्याचे सर्वांत ओळखीचे चिन्ह म्हणजे डागाच्या आत केसांच्या मुळांभोवती उमटणारे तपकिरी ठिपके. केसाच्या मुळाशी रंगपेशींचा साठा शिल्लक असतो आणि पेशी तेथून बाहेर सरकतात. काही वेळा रंग कडेकडून आत येतो आणि डाग आक्रसतो. जेथे केसच नाहीत, त्या बोटांच्या टोकांवर, ओठांवर आणि तळव्यांवर हा साठा नसतो. म्हणून तेथे सुधारणा फार सावकाश होते, किंवा होतही नाही. डागातले केस पांढरे झाले असतील तर तेथेही आशा कमी असते. ही छटा छायाचित्रात दिसली पाहिजे, म्हणूनच प्रकाशाचा एवढा आग्रह.

रोग पुढे सरकत असल्याची चिन्हे वेगळी असतात. कडा धूसर होते, भोवती कागदाचे तुकडे विखुरावेत तसे बारीक पांढरे ठिपके येतात, आणि ओरखडा, भाजणे वा सततचे घर्षण झाले त्याच रेषेत नवा डाग उमटतो.

इतिहासाचे एक पान

छायाचित्रांशेजारी एक पान असावे आणि ते एकच असावे. वरच्या भागात चार गोष्टी लिहाव्यात : पहिला डाग कधी व कोठे आला, पुढचे कोणत्या क्रमाने आले, घरात कोणाला कोड वा थायरॉइडचा विकार आहे काय, आणि शेवटचा नवा डाग कधी दिसला. ही चौथी तारीख सर्वांत मोलाची आहे. त्वचारोपणासारख्या शस्त्रक्रियेचा विचार सर्वसाधारणपणे किमान एक वर्ष नवा डाग आला नाही आणि जुना वाढला नाही, तरच होतो. ती तारीख ‘बहुतेक मागच्या दिवाळीत’ अशी मोघम असली तर वर्ष मोजायचे कोठून?

डाग जेथे आहे तेथे त्वचेला काय लागत होते, हेही लिहावे. कपाळावर नेमका टिकलीच्या जागी आलेला किंवा पायावर रबरी चपलेच्या पट्ट्याखाली आलेला पांढरा डाग त्यांच्यातल्या रसायनांमुळेही असू शकतो. टिकलीच्या गोंदातील काही रसायने रंगपेशींना मारक ठरतात. तेथे औषधाआधी टिकली बंद करावी लागते.

पानाच्या खालच्या भागात औषधांचा तक्ता असावा. वेष्टनावरचे पूर्ण नाव व प्रमाण, कसे घ्यायचे, कधी सुरू केले, कधी थांबविले आणि प्रत्यक्षात किती वेळा चुकले, एवढे रकाने पुरेत. ‘चुकले’ हा रकाना संकोचाने कोरा ठेवू नये. आयुर्वेदिक वा घरगुती उपायही याच तक्त्यात यावेत. बावचीचे उदाहरण घेऊ. श्वित्रावर आयुर्वेदात बावची पूर्वापार वापरली जाते आणि तिच्यात त्वचेला प्रकाशाबाबत संवेदनशील करणारी द्रव्ये आहेत, हे आधुनिक शास्त्रालाही मान्य आहे. नेमक्या याच गुणामुळे बावचीचे तेल लावून कोणी उन्हात गेले किंवा किरणोपचाराला बसले तर त्वचा भाजून फोड येतात, आणि त्या जखमेवर नवा डाग उमटू शकतो. तेलाची नोंद नसेल तर डॉक्टर किरणांची मात्रा दोषी धरतील आणि उपचार विनाकारण कमी करतील.

एक उदाहरण

समजा, पुण्याची एक १९ वर्षांची मुलगी सांगलीला शिकते आणि तिचे त्वचारोगतज्ज्ञ पुण्यात आहेत. निदान समोर झाले आहे. उजवा गुडघा आणि डाव्या हाताच्या दोन बोटांची टोके या जागा ठरल्या आहेत. दिवसातून दोनदा मलम आणि सांगलीत आठवड्यातून दोनदा किरणोपचार, असे ५ जानेवारीपासून सुरू झाले. त्या दिवशी गुडघ्यावरचा डाग मोजपट्टीवर ३२ मिलिमीटर रुंद होता.

५ फेब्रुवारीच्या छायाचित्रात तो ३६ मिलिमीटर भरला आणि घरात काळजी सुरू झाली. दुरून काढलेले चित्र पाहिल्यावर उलगडा झाला. जानेवारीत पाय सरळ होता, फेब्रुवारीत गुडघा वाकलेला होता आणि ताणलेल्या त्वचेबरोबर डागही ताणला गेला होता. पाय सरळ करून त्याच दिवशी पुन्हा छायाचित्र काढले तेव्हा रुंदी ३२ आली. पानावर तेव्हापासून ‘पाय सरळ, टाच जमिनीवर’ अशी सूचना लिहिली गेली.

मे महिन्यात मुलगी घरी आली तेव्हा आईला डाग पहिल्यापेक्षा ठळक दिसले. ५ मेच्या छायाचित्रात रुंदी ३२ मिलिमीटरच होती. बदल भोवतालच्या त्वचेत झाला होता. एप्रिल-मेच्या उन्हाने ती काळवंडली आणि पांढऱ्याशी तिचा विरोध वाढला. उलट जवळच्या छायाचित्रात गुडघ्याच्या डागात केसांभोवती नऊ तपकिरी ठिपके मोजता आले. जानेवारीत तेथे एकही नव्हता. बोटांच्या टोकांवर फरक नव्हता. मात्र डाव्या हातावर, एप्रिलमध्ये काटेरी कुंपण लागले होते त्याच रेषेत, एक बारीक पांढरी रेघ आली होती. तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसत होती : १७ आठवड्यांत किरणोपचाराच्या ३४ वेळा ठरल्या होत्या, पण परीक्षेमुळे प्रत्यक्षात २१ झाल्या.

एवढ्यावरून डॉक्टरांना नेमके बोलता येते. गुडघ्याला उपचार लागू पडतो आहे. बोटांची गती मुळातच मंद असते. हातावरची नवी रेघ सांगते की रोग अजून शांत झालेला नाही, म्हणजे शस्त्रक्रियेसाठी मोजायचे वर्ष मे महिन्यापासून नव्याने सुरू होते. आणि ३४ पैकी २१ वेळाच घेतलेल्या उपचाराला निष्फळ म्हणता येत नाही. ‘डाग वाढलेत’ या आईच्या एका वाक्यावर निर्णय झाला असता तर लागू पडणारे औषध बदलले गेले असते.

पाठविणे आणि जपणे

व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठविले तर ते आकसते आणि केसाभोवतीचे ठिपके हरवतात. जोडणीच्या यादीतून Document निवडून पाठविल्यास ते मूळ स्वरूपात जाते. त्यासोबत छायाचित्रात दडलेली स्थळाची नोंदही जाऊ शकते; म्हणून कॅमेऱ्यातली स्थळनोंद आधी बंद करावी. प्रत्येक छायाचित्राला तारीख व जागा सांगणारे नाव द्यावे :

```
2026-05-05_ujava-gudgha_3.jpg
```

वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवला की यादी आपोआप कालानुक्रमे लागते. शेवटचा ३ म्हणजे जवळचे छायाचित्र. सल्ल्याच्या आदल्या दिवशी पहिली व ताजी अशी छायाचित्रांची जोडी आणि इतिहासाचे पान पाठवावे. मधल्या महिन्यांची चित्रे मागितल्यास द्यावीत.

ही छायाचित्रे कुटुंबाच्या गटावर जाता कामा नयेत. मुलीच्या अंगावरच्या डागाचे छायाचित्र एका आत्याकडून दुसऱ्या आत्याकडे आणि तेथून स्थळ पाहणाऱ्यांकडे पोहोचायला वेळ लागत नाही, आणि कोडामुळे मोडलेली लग्ने समाजाने पाहिलेली आहेत. छायाचित्रे मोबाइलच्या कुलूपबंद कप्प्यात ठेवावीत, मालकी रुग्णाची असावी आणि ती फक्त डॉक्टरांकडे जावीत. शरीराच्या झाकलेल्या भागावरच्या डागाचे छायाचित्र काढावे की नाही, हे रुग्णाने डॉक्टरांना विचारून ठरवावे. ते नको वाटल्यास प्रत्यक्ष भेटीचा मार्ग खुला असतोच. रुग्णाच्या छायाचित्रांचा गैरवापर हा डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरतो, असे २०२० च्या तत्त्वांत स्पष्ट लिहिले आहे. घरच्यांसाठी मात्र तसा लेखी नियम नाही. तो त्यांनी स्वतःच पाळावयाचा आहे.

काही वेळी छायाचित्राची वाट पाहू नये. उपचारानंतर फोड वा वेदनादायक लाली आली, डागावर स्पर्श जाणवेनासा झाला, डोळा लाल होऊन दृष्टी अंधूक झाली, किंवा काही आठवड्यांतच डाग झपाट्याने पसरू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे आणि प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. इतर महिन्यांत ठरलेली तारीख, तीच खिडकी आणि तीच मोजपट्टी. महिन्यातून दहा मिनिटांचे हे काम आहे.